मुठीचे माप आणि खिचडीचा हिशेब



आपण काट्यावर ऊस घातला की भरल्या गाडीचे वजन होते, मग रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि वजाबाकी करून पावती हातात पडते. मोळीकडे नुसते बघून कोणी टनेज सांगत नाही. सांगितले तर आपण ऐकून घेणार नाही. पण ताटात पडलेल्या अन्नाच्या बाबतीत मात्र आपण सगळे नुसत्या नजरेवर चालतो. "मी काय खातो हो, थोडी खिचडी खाल्ली" असे म्हणून उठतो. ही थोडी खिचडी म्हणजे किती, हे कोणत्याही यंत्राशिवाय, मोबाईलशिवाय, स्वतःच्या हाताने कसे काढायचे याची रीत आम्ही या लेखात देत आहोत.

हा हिशेब आत्ताच का काढला ते आधी सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३४७० उष्मांक, म्हणजेच कॅलरी, लागतात. तोच माणूस बैठे काम करू लागला की त्याला २११० पुरतात. आता आपल्याकडे बघा. एकेकाळी जो सभासद रात्री दाऱ्यावर उभा राहून पाणी पाजत होता, सरी हाताने ओढत होता, तो आज ठिबकचा कॉक फिरवतो, मोटार घरात बसून मोबाईलवर चालू करतो, नांगरट ट्रॅक्टरवाल्याला देतो. काम बदलले, पण ताट जुनेच राहिले. दोन आकड्यांमधला फरक १३६० उष्मांकांचा आहे. तो कुठेतरी साठणारच, आणि कुठे साठतो ते सदऱ्याची बटणे सांगतात.

उलट, जो आजही कोयता चालवतो, डोक्यावर मोळ्या वाहतो, त्याने हा लेख वाचून घास कमी करू नये. त्याला जुनेच ताट लागते.

खिचडीच का घेतली

भाकरीचा हिशेब सोपा असतो. एक, दोन, तीन अशा भाकरी मोजता येतात. भाजी वेगळी दिसते, कालवण वेगळे दिसते. खिचडी, बिर्याणी, पुलाव यांचे तसे नाही. तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाणे सगळे एकजीव झालेले असते. डोळ्यांना दिसतो तो भात. तेल दिसत नाही, आणि नेमके तेलच सगळ्यांत भारी असते. धान्य आणि डाळ यांच्या एका ग्रॅममधून साधारण साडेतीन उष्मांक मिळतात, तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून नऊ.

मोबाईलवरच्या ॲपमध्ये "खिचडी, एक वाटी" असे घातले की ते लगेच एक आकडा दाखवते. पण ती कोणाच्या घरची खिचडी? तुमच्या घरी फोडणीला किती तेल पडते हे त्या ॲपला काय ठाऊक? ते ठाऊक आहे फक्त घरातल्या बाईला, किंवा जो कोणी फोडणी घालतो त्याला. म्हणून या हिशेबाची खरी जागा ताट नव्हे, भांडे आहे. शिजल्यावर जे वेगळे करता येत नाही, ते शिजण्यापूर्वी सगळे वेगवेगळे समोर असते. तेव्हाच ते मोजायचे.

आधी आपला हात मोजा

आपल्या आज्या पशाने आणि ओंजळीनेच दाणे घेत होत्या. ते माप खोटे नव्हते, फक्त प्रत्येकीचा हात वेगळा होता. म्हणून पहिल्यांदा आपला हात घरातल्या वाटीशी जुळवून घ्यावा. हे काम एकदाच करायचे आहे.

एक पातेले परातीत ठेवा आणि काठोकाठ पाण्याने भरा. मूठ आवळून मनगटापर्यंत पाण्यात बुडवा. जेवढे पाणी परातीत सांडेल तेवढी तुमची मूठ. ते पाणी आमटीच्या वाटीने मोजा. आम्ही १५० मिलिलिटरची वाटी घेतली तेव्हा एका गड्याच्या मुठीचे पाणी दोन वाट्या भरले, आणि त्याच घरातल्या बाईच्या मुठीचे दीड वाटी. तुमचे कमी-जास्त भरेल. जे येईल ते लक्षात ठेवा.

आता चार मापे पाठ करायची, जास्त नाहीत.

मूठ हे शिजलेल्या अन्नाचे माप. ताटातला ढीग आपल्या किती मुठींएवढा आहे हे त्याच्याशेजारी मूठ धरून बघायचे.

वाटी किंवा पसा हे कोरड्या धान्याचे माप. १५० मिलिलिटरच्या सपाट वाटीत तांदूळ किंवा मूगडाळ सुमारे १२५ ग्रॅम बसते, म्हणजे ४४० उष्मांक. मोठ्या हाताचे दोन पसे म्हणजे अशी एक वाटी, लहान हाताचे तीन लागतील.

अंगठा हे तेला-तुपाचे माप. पूर्ण अंगठ्याएवढे तेल म्हणजे एक मोठा चमचा, सुमारे १५ मिलिलिटर, आणि त्याचे १२० उष्मांक. अंगठ्याचे वरचे पेर म्हणजे चहाचा एक चमचा, सुमारे ४० ते ४५ उष्मांक.

तळहात, बोटे सोडून, हे मटण-कोंबडीचे माप. तळहाताएवढा आणि तेवढाच जाड, हाड काढलेला कोंबडीचा शिजलेला तुकडा म्हणजे साधारण १०० ग्रॅम. त्याचे सुमारे १७० उष्मांक धरावेत.

एका घरची मुगाची खिचडी

आता प्रत्यक्ष हिशेब करू. घर एका सभासदाचे, खाणारी माणसे चार. रात्रीच्या खिचडीला त्या घरी रोज पडते तेच साहित्य आम्ही मांडायला सांगितले.

तांदूळ दोन वाट्या आणि मूगडाळ एक वाटी, मिळून तीन वाट्या. प्रत्येकी ४४० प्रमाणे झाले १३२०. एक मध्यम बटाटा, त्याचे ७५. शेंगदाणे एक मूठभर, साधारण ३० ग्रॅम, त्यांचे १७०. कांदा, टोमॅटो, हळद, मीठ यांचे धरण्याएवढे काही नाही.

राहिले तेल. वहिनींना विचारले, किती घालता? "घालते की अंदाजानं, एक पळी." ती पळी आम्ही पोह्याच्या चमच्याने मोजली तर तीन चमचे भरले. म्हणजे तीन अंगठे, ३६० उष्मांक. वहिनी म्हणाल्या, "अहो, ही तर एकच पळी होती!" पळी एकच, पण ती एक वाटी तांदळाएवढी पडली नाही तरी पाऊण वाटीच्या वर गेली.

सगळी बेरीज १९२५ उष्मांक. ही झाली भरल्या भांड्याची पावती.

पाण्याला उष्मांक नाहीत. त्यामुळे पाणी कितीही घातले तरी भांड्यातली बेरीज १९२५ च राहते. पाणी फक्त ती बेरीज जास्त जागेत पसरवते. त्या दिवशी खिचडी मऊसर झाली आणि ती वाटीने मोजली तेव्हा बारा वाट्या भरली. घरच्या गड्याची मूठ दोन वाट्यांची, म्हणजे भांड्यात त्याच्या सहा मुठी. १९२५ ला सहाने भागा. एका मुठीला सुमारे ३२० उष्मांक पडले.

रोज बारा वाट्या मोजत बसायची गरज नाही. नुसते भांड्यातले वाटे बघावेत. अर्धे भांडे संपले तर अर्धे उष्मांक, एकाने तिसरा हिस्सा घेतला तर त्याच्या वाट्याला साडेसहाशेच्या आसपास. आणेवारी काढावी तसे आहे.

मग ताटात काय झाले

त्या घरच्या कर्त्या माणसाने पहिल्यांदा दोन मुठींची खिचडी घेतली, नंतर "थोडी वाढ गं" म्हणून आणखी एक मूठ. तीन मुठींचे ९६०. वर दोन चहाचे चमचे तूप, ९०. एक तळलेला पापड, तेलासकट ७५. जेवण झाले ११२५ उष्मांकांचे. बैठे काम करणाऱ्याच्या दिवसाच्या गरजेतले निम्म्याहून जास्त एका रात्रीच्या "हलक्या" जेवणात गेले. आणि ताटात हिरवे पान नव्हते.

इथे ताटाच्या वाट्यांची रीत कामाला येते. साध्या जेवणात ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, एक चतुर्थांश भात-भाकरीचा आणि एक चतुर्थांश डाळ, उसळ, अंडी किंवा मटणाचा ठेवावा असे सांगतात. खिचडीत भात आणि डाळ एकत्रच आहेत. म्हणून दोन्ही चतुर्थांश मिळून अर्धे ताट खिचडीचे, आणि उरलेले अर्धे भाजी, काकडी, मुळा, टोमॅटो यांचे. खिचडी ताटभर पसरली की भाजीची जागा तिने खाल्ली असे समजावे.

त्याच घरी दुसऱ्या दिवशी तसेच ताट लावले. खिचडी दीड मूठ, ४८०. तूप एक चमचा, ४५. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर दोन मुठी, वर थोडा दाण्याचा कूट धरून ९०. पापड भाजलेला, ३०. एक भांडे ताक, ४५. झाले ६९०. आदल्या रात्रीपेक्षा सव्वाचारशेहून जास्त कमी, आणि ताट भरलेलेच होते. कर्ते म्हणाले, "पोट भरलं, पण आधी काकडी खाल्ली म्हणून भरलं. खिचडी आधी घेतली असती तर परत मागितली असती." ही गोष्ट आम्हांलाही पटली.

एक गैरसमज इथेच दूर करू. पुष्कळांना वाटते की तांदूळ कमी करून डाळ वाढवली की उष्मांक कमी होतात. तसे होत नाही. कोरडे तांदूळ आणि कोरडी डाळ यांचे उष्मांक वजनाला जवळजवळ सारखेच आहेत. डाळ वाढवण्याचा फायदा वेगळा. तिच्यात प्रथिने तांदळाच्या तिपटीच्या आसपास असतात आणि भूक जास्त वेळ थांबते. म्हणून दोनास एकऐवजी एकास एक खिचडी करावी, पण उष्मांकांच्या बेरजेत ती स्वस्त पडेल असे समजू नये. बेरीज उतरते ती तेलाने. तीन अंगठ्यांचे दीड केले तर भांड्यातून १८० गेले, म्हणजे प्रत्येक मुठीतून ३०.

तीच मूठ, दुसरी खिचडी

आता उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. दोन वाट्या, म्हणजे २५० ग्रॅम साबुदाणा, त्याचे ८७५. दाण्याचा कूट १०० ग्रॅम, त्याचे ५७०. तूप किंवा तेल ५० ग्रॅम, त्याचे ४५०. दीडशे ग्रॅम बटाटा, ११०. बेरीज २००५. मुगाच्या खिचडीच्या बेरजेपेक्षा फार वेगळी नाही. पण मुगाची खिचडी पाणी पिऊन बारा वाट्या झाली होती. साबुदाणा भिजून साधारण दुप्पट वजनाचा होतो, तिथेच थांबतो. सगळी खिचडी ८०० ग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे त्याच गड्याच्या एका मुठीत साबुदाण्याचे साडेपाचशे उष्मांक येतात, मुगाच्या खिचडीच्या दीडपटीहून जास्त. उपवास सोडून तोटा झाला असे म्हणायची वेळ येते ती अशी.

यातून खूण लक्षात ठेवावी. खिचडी जितकी कोरडी आणि मोकळी, तितकी तिची मूठ जड. पातळ, ओघळणारी असेल तर मूठ हलकी. आजाऱ्याला दिलेल्या पातळ खिचडीच्या मुठीला ३२० धरले तर हिशेब चुकीचा येईल.

लग्नातली बिर्याणी

आपल्या घरचे भांडे आपल्याला दिसते. लग्नातली डेग दिसत नाही. तिथे उलटी रीत करावी लागते, म्हणजे ताटातले अन्न मनातल्या मनात वेगळे काढायचे.

पहिल्यांदा भाताच्या मुठी. बिर्याणीचा भात मोकळा, शितांच्या मध्ये हवा असते, म्हणून दोन वाट्यांच्या मुठीत नुसत्या भाताचे सुमारे २५० उष्मांक धरावेत. नंतर मांसाचे तळहात, हाड सोडून. शेवटी तेल-तूप, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. आचाऱ्याशी ओळख असेल तर एकच प्रश्न करावा, "किलो तांदळाला तेल-तूप किती?" समजा त्याने पाव किलो सांगितले. एक किलो तांदळाच्या शिजून अशा पंधरा-एक मुठी होतात. म्हणजे प्रत्येक मुठीमागे सव्वा अंगठा, १५० उष्मांक. तेव्हा बिर्याणीची एक मूठ २५० ची नसून ४०० ची.

दोन मुठी बिर्याणी आणि एक तळहात कोंबडी, मिळून ९७० उष्मांक. पुन्हा वाढायला आले आणि एक मूठ पडली की ४०० वाढले.

विचारायची सोय नसेल तर बोटांकडे बघावे. घास खाल्ल्यावर बोटे चकाकत असतील, ताटाच्या कडेला तेलाची रेघ उरत असेल, तर मुठीमागे एक अंगठा तरी धरावाच. आणखी एक गोष्ट. तेल खाली उतरते. डेगीच्या वरच्या थरातला भात कोरडा असतो, तळचा मसाल्याचा थर तेलकट. पहिल्या पंगतीला वरचे आले असेल तर शेवटच्या पंगतीला तळचे येते. मुठी सारख्या, पण उष्मांक सारखे नाहीत.

कुठे चुकते, आणि चूक कशी ओळखायची

पहिली चूक शिगेची. धान्याच्या मापात सपाट माप वेगळे आणि शीग लावलेले माप वेगळे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. ताटातही तसेच आहे. खोलगट ताटात खिचडी वरून एक मूठ दिसते आणि खाली अर्धी मूठ दडलेली असते. नवीन शिकताना आठवडाभर खिचडी आधी वाटीने मोजून मग ताटात घालावी. नजर बसते.

दुसरी चूक हातांची अदलाबदल. सासूबाईंच्या पशाने तांदूळ घेतले आणि नातवाच्या मुठीने खिचडी मोजली तर भागाकार जुळणार नाही. भांड्यासाठी वाटी ठरवून घ्यावी, ताटासाठी खाणाऱ्याने आपली मूठ आपल्या वाटीशी जुळवून घ्यावी.

तिसरी आणि मोठी चूक तेलाची. ती पकडायला महिन्याचा डबा हा चांगला साक्षीदार आहे. समजा चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपतो. माणशी दिवसाला सुमारे ४२ मिलिलिटर झाले, म्हणजे जवळजवळ तीन अंगठे, साधारण ३४५ उष्मांक. तूप आणि शेंगदाणे यात धरलेले नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, म्हणजे दोन अंगठे, सांगितले आहेत. घरात सगळेजण "आम्ही तेल कमीच घालतो" म्हणत असतील आणि डबा मात्र वीस दिवसांत रिकामा होत असेल, तर डब्याचे ऐकावे.

ही रीत काट्यासारखी बिनचूक नाही. आमच्या अनुभवात शंभराच्या जागी ऐंशीही निघतात आणि सव्वाशेही. पण रोज त्याच हाताने, त्याच वाटीने मोजले तर चूकही रोज एकाच बाजूची राहते, आणि कालच्या ताटाची आजच्या ताटाशी तुलना खरी उतरते. महिन्याने वजन करून बघावे. हिशेबाने उतरायला हवे होते आणि उतरले नाही, तर पहिल्यांदा तेल पुन्हा मोजावे, मग दुसऱ्यांदा वाढून घेतलेली मूठ आठवावी.

मधुमेहासाठी जे सभासद इन्सुलिन घेतात त्यांनी मात्र या अंदाजावर मात्रा ठरवू नये. तिथे उष्मांकांपेक्षा पिष्टमय पदार्थ किती हे महत्त्वाचे असते. तो हिशेब आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

आज संध्याकाळी घरी फोडणी पडण्यापूर्वी पळीतले तेल एकदा चमच्याने मोजून बघा. किती चमचे भरले ते एका कागदावर लिहून डब्यावर चिकटवा. खिचडीची पावती तिथून सुरू होते.